खोली नाही, पण सोय आहे

हॉटेलात साठ खोल्या असतील तर कधी एकसष्ट-बासष्ट बुकिंगही घेतली जातात. काही पाहुणे ऐनवेळी येत नाहीत, काही रद्द करतात, हा रोजचा अनुभव त्यामागे असतो. पण एखाद्या दिवशी सगळेच येतात. मग कुणाला तरी दुसऱ्या हॉटेलात पाठवावं लागतं. हॉटेलवाले याला ‘वॉक’ करणं म्हणतात. ते नीट झालं की नाही, हे बहुतेक वेळा पाहुणा दारात येण्याआधीच ठरलेलं असतं.

समजा, पुण्यातलं साठ खोल्यांचं हॉटेल आहे. एका खोलीत गळती असल्याने ती बंद. तीस खोल्यांतले पाहुणे आजही राहणार आहेत. उरलेल्या २९ सकाळी सुटायला हव्या होत्या, पण दोघांनी मुक्काम वाढवला. हातात राहिल्या २७ आणि येणारे ३०. दुपारी चार वाजता ड्यूटी मॅनेजरने हा हिशेब मांडला, तर वेळ हातात असते. आधी येणाऱ्यांना फोन करायचे: “सर, आज किती वाजेपर्यंत पोहोचाल?” या एका प्रश्नात एक बुकिंग रद्द झालेलं कळतं, एक पाहुणे उद्या सकाळी येणार असतात. तिनाची तूट एकावर येते.

आता कुणाला हलवायचं? जो सर्वात उशिरा येईल त्याला, ही सोपी पण चुकीची पद्धत. रात्री साडेअकराला एकटी येणारी बाई, लहान मुलांचं कुटुंब, वयस्कर जोडपं किंवा लग्नाच्या वऱ्हाडातला एकटाच माणूस, यांना हात लावायचा नाही. एका रात्रीसाठी, एकटे, कामानिमित्त आलेले पाहुणे निवडावेत. त्यांचं सकाळचं काम कुठे आहे तेही पाहावं.

मग भागीदार हॉटेलला फोन. निदान आपल्याच दर्जाची खोली, बिल आपल्या नावावर, नाश्त्यासकट. तिथल्या ड्यूटी मॅनेजरचं नाव आणि खोली क्रमांक लिहून घ्यायचा. “बघतो, होऊन जाईल” एवढ्या शब्दावर पाहुण्याला पाठवलं, तर तिथेही तो काउंटरवर ताटकळतो. टॅक्सी दारात आल्याशिवाय पाहुण्याशी बोलणं सुरू करू नये.

पाहुणे आले की रजिस्टर पुढे करायचं नाही. नोंद ते जिथे झोपणार तिथे होईल. त्यांना काउंटरवरच्या गर्दीतून बाजूला बसवावं, पाणी द्यावं आणि मॅनेजरने स्वतः सांगावं:

“सर, तुमचं बुकिंग पक्कं होतं. आमच्याकडे आज खोल्यांपेक्षा बुकिंग जास्त झाली, ही चूक आमची आहे. दहा मिनिटांवरच्या हॉटेलात तुमची खोली तयार ठेवली आहे. आजच्या रात्रीचं भाडं आणि गाडीचा खर्च आमचा.”

क्रम महत्त्वाचा: आधी चूक, लगेच सोय. “सिस्टीमचा प्रॉब्लेम आहे” म्हणू नये, आणि त्या गळक्या खोलीवर सगळं ढकलू नये. पाहुण्याला खरं कळतं, मग पुढचं काहीच पटत नाही.

पाहुणे म्हणतात, “मी महिन्यापूर्वी बुक केलंय. मला इथेच खोली हवी.” वाद घालू नये.

“तुमचा राग रास्त आहे, सर. खोली असती तर मी आत्ता किल्ली दिली असती. उद्या सकाळी तुम्हाला कुठे पोहोचायचंय? गाडी त्या वेळेला तिथून लावतो.”

“बघतो काही होतंय का” असं म्हणून ताटकळत ठेवणं सर्वात वाईट. नसलेल्या खोलीची आशा अर्धा तास लावली की राग दुप्पट होतो.

पाहुणे गेल्यावर दोन कामं विसरू नयेत. त्यांचं बुकिंग संगणकात ‘नो-शो’ म्हणून बंद झालं, तर ऑनलाइन पैसे भरलेल्या माणसाला न राहिलेल्या रात्रीचा भुर्दंड बसतो. आणि त्यांच्यासाठी फोन आला, तर ऑपरेटरने “असे कोणी नाहीत” म्हणू नये. निरोप घ्यावा, पाहुण्याला कळवावा. ते कुठे आहेत हे अनोळखी माणसाला सांगू नये. मुक्काम पुढेही असेल, तर दुसऱ्या दिवशी परत आणायची खोली रात्रीच राखून ठेवावी.

शेवटी खर्च लिहावा. साडेचार हजारांच्या खोलीऐवजी भागीदाराला साडेपाच हजार आणि टॅक्सीला नऊशे, म्हणजे ६,४०० रुपये गेले. एका जादा बुकिंगमधून मिळणार होते साडेचार हजार. महिन्यातून असे किती पाहुणे हलवले, हा आकडा रिझर्व्हेशनच्या टेबलावर गेला, तरच पुढच्या वेळी किती जादा बुकिंग घ्यायची ते अंदाजाने नाही, हिशेबाने ठरतं.