लाल यादीतली सतरा नावं

सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयातून शाखाधिकाऱ्याला मेल येतो: ‘केवायसी प्रशिक्षणात मागे असलेले कर्मचारी’. सोबत एक्सेलची फाईल आणि तिच्यात लाल रंगातली नावं. शाखाधिकारी घाईत असतो. तो फाईल तशीच व्हॉट्सॲप गटावर टाकतो आणि खाली ‘आजच्या आज पूर्ण करा’ असं लिहितो. त्या यादीत कोण का आलं, हे मात्र कुणी पाहिलेलं नसतं.

कर्मचाऱ्यांना केवायसीचं प्रशिक्षण सतत देत राहावं, असं रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांतच आहे. म्हणून अशा याद्या बनणारच. प्रश्न त्या वाचण्याचा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, बँकेत 64 कर्मचारी आहेत. कोर्स सहा धड्यांचा, शेवटी दहा प्रश्नांची क्विझ, उत्तीर्ण व्हायला 70 टक्के आणि मुदत 30 दिवसांची. विसाव्या दिवशी रिपोर्ट काढला, तर पूर्ण न केलेले 17 जण निघाले. सगळी नावं लाल.

यातल्या तिघांची नावं आधी बाजूला काढावी लागतात. एक जण बाळंतपणाच्या रजेवर आहे आणि दोघे गेल्या आठवड्यात रुजू झालेत. रिपोर्ट फक्त किती धडे झाले ते मोजतो, नाव कोर्सला कधी जोडलं गेलं ते बघत नाही. चार दिवसांपूर्वी आलेल्या माणसाचा एक धडा झाला असेल तर तो वेळेवरच चाललाय. म्हणून ‘किती टक्के झालं’ याच्या शेजारी ‘किती दिवस मिळाले’ हा रकाना लागतोच.

उरले चौदा. त्यांतले पाच जण एकाच जागी, पाचव्या धड्यावर थांबलेत. वेळेचा रकाना पाहिला तर प्रत्येकाने दोन-दोन तास घातलेत. आळशी माणसं अशी एकाच पायरीवर रांगेत बसत नाहीत. दोष कोर्सच्या फाईलमध्ये असण्याची शक्यता मोठी. अजूनही बरेच कोर्स स्कॉर्म 1.2 या जुन्या पद्धतीने बांधलेले असतात. त्यात ‘कुठवर वाचलं’ ही खूण `suspend_data` नावाच्या जागेत साठते आणि ती जागा फक्त 4096 अक्षरांची. धडे लांबलचक असले की ती भरून जाते आणि पुढची खूण नोंदलीच जात नाही. बिचारा कर्मचारी रोज संध्याकाळी कॅश जुळवून झाल्यावर त्याच पानापासून पुन्हा सुरुवात करतो आणि रिपोर्टमध्ये `incomplete`च दिसत राहतो. या पाचांना स्मरणपत्र पाठवणं हा शुद्ध अन्याय आहे. ती तक्रार कोर्स बनवणाऱ्याकडे जायला हवी.

आता नऊ. चौघांचे सगळे धडे झालेत, फक्त क्विझ राहिली आहे. त्यांना दुव्यासह एक ओळ पाठवली तरी पुरते.

राहिले पाच. दोघांनी कोर्स उघडलेलाच नाही. तिघांनी क्विझ दिली, पण 30 ते 40 टक्क्यांवर अडकले. चार पर्यायांचे दहा प्रश्न डोळे मिटून सोडवले तरी सरासरी अडीच बरोबर येतात, त्यामुळे 30 टक्के म्हणजे जवळजवळ काहीच कळलेलं नाही असं धरायला हरकत नाही. पण इथे एकूण गुणांवर थांबू नये, प्रश्नवार उत्तरं उघडावीत. तिघेही चुकले ते ग्राहकाची कागदपत्रं पुन्हा कधी घ्यायची या प्रश्नांवर. अधिक जोखमीच्या ग्राहकाची किमान दर 2 वर्षांनी, मध्यम जोखमीच्याची 8 आणि कमी जोखमीच्याची 10 वर्षांनी. काउंटरवर रोज लागणारी गोष्ट ही. या तिघांना सहाही धडे पुन्हा बघायला लावण्यापेक्षा तेवढं अर्ध्या तासात समोर बसून समजावलं तर जास्त उपयोग होईल. मात्र तोच प्रश्न 64 पैकी बहुतेकांचा चुकला असेल, तर आधी उत्तरसूची तपासावी. कधी कधी चूक तिथेच असते.

मला खरी काळजी वाटते ती यादीत नसलेल्यांची. मूडलसारख्या प्रणालीत कितीही वेळा क्विझ दिली तरी मूळ सेटिंगप्रमाणे सर्वांत जास्त गुणच धरले जातात. एकाने पहिल्याच प्रयत्नात 80 मिळवले. दुसऱ्याने 30, 40, 50 असं करत पाचव्या प्रयत्नात 80 गाठले, कारण प्रत्येक वेळी पडद्यावर बरोबर उत्तरं दिसत होती. रिपोर्टमध्ये दोघेही सारखेच हिरवे. दुसऱ्याला नियम कळला की पर्यायाची जागा पाठ झाली, हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये पहिल्या प्रयत्नाचे गुण आणि एकूण प्रयत्न हे दोन रकाने मी आग्रहाने मागतो.

आणि फाईल व्हॉट्सॲप गटावर टाकू नये. प्रत्येक शाखाधिकाऱ्याला फक्त त्याच्या शाखेची नावं जावीत, अडलेल्या माणसाला त्याच्यापुरता एक फोन. त्या फोनवर पहिला प्रश्न ‘का नाही केलं?’ असा विचारला तर माणूस सबब सांगतो. ‘कुठल्या पानावर थांबलात?’ असं विचारलं की तो सांगतो, “साहेब, पाचव्या धड्याच्या पुढे जातच नाही ते.”