जेवणाची पावती नको, रिक्षाचा नंबर हवा

दौऱ्यावरून परतलेला माणूस खिशातून जेवणाच्या पावत्यांचा गठ्ठा काढतो आणि लॉजचं बिल मात्र तिथेच विसरून येतो. केंद्र सरकारी कार्यालयांत हे मी नेहमी पाहतो. 2017 च्या नियमांत गरज नेमकी उलटी आहे, आणि नुकसान बहुधा कमी पगाराच्या माणसाचं होतं, म्हणून हे लिहितोय.

समजा, लेव्हल 7 चा नागपूरचा कर्मचारी 2 जूनला रात्री 8 वाजता पुण्याला निघाला, दोन रात्री लॉजवर राहिला आणि 6 जूनला सकाळी 9 वाजता परतला. त्याचा जेवणाचा मूळ दर दिवसाला 800 रुपये. त्यासाठी पावती लागतच नाही, तास मोजले जातात, तेही मध्यरात्र ते मध्यरात्र. सहा तासांहून कमी वेळ बाहेर असलात तर 30 टक्के, सहा ते बारा तास असलात तर 70 टक्के, त्याहून जास्त झाले की पूर्ण. म्हणून 2 जूनच्या चार तासांचे 240, मधल्या तीन दिवसांचे 2400 आणि शेवटच्या नऊ तासांचे 560, असे एकूण 3200 रुपये होतात. निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ लिहिलीच नाही, तर हा हिशेब होणार कसा?

लॉजचं मात्र वेगळं. लेव्हल 6 ते 8 ला दिवसाला 750 रुपयांपर्यंत स्वतःच्या सहीच्या प्रमाणपत्रावर मिळतात. त्यात राहण्याचे दिवस आणि ठिकाणाचं नाव हवं. पण पुणे-मुंबईसारख्या एक्स वर्गाच्या शहरांत बिल जोडलं, तर मर्यादा 1000 होते. आपल्या माणसाने रोज 1400 भरले असले तरी बिलासह 2000 मिळतील, बिलाशिवाय 1500. एका कागदाचे पाचशे रुपये!

शहरातल्या प्रवासाला दिवसाला 225. इथेही पावती नको, पण तारखेबरोबर वाहनाचा नंबर लिहावा लागतो. तो चार दिवसांनी कुणाला आठवणार? उतरतानाच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

(महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की या मर्यादा 25 टक्क्यांनी वाढतात, बिल भरण्याआधी आपल्या कार्यालयातले चालू दर विचारून घ्या.)

यानंतर नियंत्रण अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी होते आणि बिल लेखा शाखेत जातं. बिल सादर करायला पूर्वी वर्षभराची मुदत होती. 2018 पासून ती प्रवास संपल्यापासून 60 दिवसांची आहे. त्यानंतर हक्कच बुडतो. आपल्या कर्मचाऱ्याचा शेवटचा दिवस 5 ऑगस्ट. त्याने दौऱ्यासाठी ॲडव्हान्स उचलला असेल, तर मात्र हिशेब 15 दिवसांत, म्हणजे 21 जूनपर्यंत द्यायचा.