पगार चुकतो तेव्हा नेमके किती चुकते?

कॅनडाच्या केंद्र सरकारने फेब्रुवारी 2016 मध्ये ‘फीनिक्स’ नावाची नवी पगारप्रणाली सुरू केली. सुमारे 2 लाख 90 हजार कर्मचाऱ्यांचे पगार तीतून निघणार होते आणि त्यामुळे वर्षाला 7 कोटी डॉलर वाचतील असा हिशोब मांडला होता. काही महिन्यांतच कुणाला पगार मिळेना, कुणाला कमी मिळू लागला, तर कुणाच्या खात्यात हक्कापेक्षा जास्त रक्कम पडू लागली. पुढे तिथल्या महालेखापरीक्षकांनी 2017 आणि 2018 मध्ये दोन अहवाल दिले. पगारातली चूक मोजायची कशी, हे त्यांतून फार चांगले कळते.

जून 2017 अखेर चुकांची रक्कम 52 कोटी डॉलरच्या वर होती. अहवालाने ती दोन भागांत मांडली. सुमारे 22 कोटी 80 लाख सरकारकडून कर्मचाऱ्यांना येणे होते आणि सुमारे 29 कोटी 50 लाख कर्मचाऱ्यांकडून सरकारला येणे होते. एकातून दुसरी रक्कम वजा केली असती, तर ताळेबंदात जेमतेम 7 कोटींचा फरक दिसला असता आणि प्रकरण किरकोळ वाटले असते. पण एकाला जास्त गेलेल्या पैशांनी दुसऱ्याचे थकलेले घरभाडे भरले जात नाही. म्हणून अशा अहवालात जास्तीची आणि कमीची बाजू वेगवेगळीच दाखवावी लागते, आणि प्रत्येक माणूस वेगळा मोजावा लागतो. लेखापरीक्षकांनी नमुन्यादाखल तपासलेल्या कर्मचाऱ्यांपैकी 62 टक्क्यांना 2016-17 या वर्षात निदान एकदा तरी चुकीचा पगार मिळाला होता. मला हा आकडा कोट्यवधींच्या बेरजेपेक्षा जास्त बोलका वाटतो.

चुकीचे मूळ कुठे होते? एखादी कर्मचारी काही आठवडे वरिष्ठ पदाचा कार्यभार सांभाळते, असे समजू. तिला त्या दिवसांचा वाढीव पगार मिळायला हवा. तिच्या अधिकाऱ्याने नोंद उशिरा केली, तर मागच्या तारखेपासूनचा फरक काढावा लागतो. सरकारी कचेरीत अशा उशिरा नोंदी रोजच्याच असतात. मात्र खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी प्रणालीच्या 984 कामांपैकी शंभरावर कामे वगळण्यात आली होती आणि मागील फरक काढणे हे त्यांपैकीच एक होते. मग तो हिशोब हाताने करणे आले. ते करणारी माणसे मात्र आधीच कमी केली होती; पगाराचे काम न्यू ब्रन्सविकमधल्या मिरामिशी गावी एकवटताना सुमारे 1,200 अनुभवी जागांच्या ऐवजी साडेपाचशेच ठेवल्या होत्या. एका खात्यात करून पाहायची चाचणीही रद्द झाली होती.

वसुलीतली गुंतागुंत तर बाहेरच्याला दिसतही नाही. समजा, एखाद्याला 1,000 डॉलर जास्त गेले. त्यातून कर आणि इतर कपातीचे 300 वळते झाले आणि हातात 700 आले. त्याच वर्षात परतफेड झाली, तर 700 मागता येत. वर्ष उलटले की नियमाप्रमाणे पूर्ण 1,000 मागावे लागत, कारण कापलेला कर आता करखात्याकडे जमा झालेला असे. म्हणजे जे पैसे कधी हातात आलेच नाहीत, ते आधी स्वतःच्या खिशातून भरायचे आणि मग करखात्याकडून परत मिळवायचे. चूक मालकाची आणि भुर्दंड नोकराला, हे मला सरळ अन्यायाचे वाटते. कॅनडाला त्यासाठी 2019 मध्ये प्राप्तिकर कायद्यात दुरुस्तीचा मार्ग काढावा लागला. ठरावीक अटी पाळल्या गेल्या तर हातात आलेली रक्कमच परत मागायची मुभा मिळाली.

दुरुस्तीची पद्धतही बदलावी लागली. सुरुवातीला अर्ज प्रकारानुसार वाटले जात. कार्यभाराचा अर्ज एकाकडे, रजेचा दुसऱ्याकडे. पण एकाच माणसाच्या खात्यात चार चुका एकमेकींत गुंतलेल्या असत, आणि एक सुटी दुरुस्त केली की दुसरीचा हिशोब बिघडे. डिसेंबर 2017 पासून काही खात्यांसाठी छोटी पथके नेमली गेली. पथकाने एका कर्मचाऱ्याची पूर्ण फाइल घ्यायची, जुन्यात जुन्या नोंदीपासून सगळी प्रलंबित प्रकरणे एकदम निकाली काढायची, आणि मगच पुढची फाइल उघडायची. या पद्धतीला वेळ लागतो, आणि दर पगाराला नव्या उशिरा नोंदी येतच राहतात. त्यामुळे किती अर्ज निकाली निघाले, एवढ्यावरून प्रगती कळत नाही. किती जणांच्या खात्यात एकही प्रकरण बाकी उरले नाही, हे पाहावे लागते.