आधी ‘एडिटर’, मग ‘एडिट’

इंग्रजीत ‘ब्रेकफास्ट’ आणि ‘लंच’चे तुकडे जुळून ‘ब्रंच’ झाला. ‘एक्झामिनेशन’ची शेपटी छाटली, ‘एक्झाम’ उरली. ‘लेझर’ पाच शब्दांच्या आद्याक्षरांतून घडला.

‘एडिट’ची गोष्ट मात्र उलटी आहे. ‘टीच’वरून ‘टीचर’, तसा ‘एडिट’वरून ‘एडिटर’ झाला असावा असं वाटतं. प्रत्यक्षात लॅटिनमधला ‘एडिटर’ इंग्रजीत सतराव्या शतकातच रुळला होता. ‘एडिट’ हे क्रियापद अठराव्या शतकाच्या अखेरीस आलं. शब्दाचा शेवट कर्तादर्शक प्रत्यय समजून लोकांनी तो काढून टाकला. ‘लेझर’चा शेवट तर ‘एमिशन’ आणि ‘रेडिएशन’च्या आद्याक्षरांचा, तरी त्यातूनही ‘लेझ’ हे क्रियापद निघालं. नुसत्या रूपावरून हा उलटा क्रम कळत नाही. त्यासाठी दोन्ही शब्दांच्या जुन्या नोंदींच्या तारखाच ताडून पाहाव्या लागतात.