दिवसाचे आठ रुपये

पाटण्यातलं एक चौकोनी कुटुंब डोळ्यांसमोर आणा. दोन खोल्या, तीन पंखे, फ्रिज, टीव्ही, एक छोटी मोटर. घरात प्रीपेड स्मार्ट मीटर बसून महिना झालाय. पहिल्या तारखेला पाचशे रुपयांचं रिचार्ज केलं. युनिटचा दर चार रुपये आहे हे घरात सगळ्यांना पाठ, त्यामुळे हिशेब सरळ वाटला. पाचशे भागिले चार म्हणजे सव्वाशे युनिट, आणि रोजची सहा युनिट धरली तरी वीस दिवस आरामात निघतील. प्रत्यक्षात सोळाव्या दिवशी पैसे संपल्याचा मेसेज आला. लगेच आणखी पाचशे भरले, तर ते तेरा दिवससुद्धा धड पुरले नाहीत. घरात एकही नवं उपकरण आलेलं नव्हतं.

असा अनुभव बिहारमध्ये घरोघरी सांगितला जातो. प्रीपेड स्मार्ट मीटर मोठ्या प्रमाणावर बसवायला या राज्यानं २०१९ मध्ये सुरुवात केली आणि आज तिथं असे पन्नास लाखांहून अधिक मीटर आहेत. ‘मीटर पळतोय’ ही तक्रार इतकी वाढली की २०२४ मध्ये तो राजकीय आंदोलनाचा विषय झाला. मीटर सदोष असू शकतो, आणि तो कसा ओळखायचा हे पुढे येईलच. पण बहुतेक घरांत पैसे लवकर संपतात ते मीटर पळाल्यामुळे नाही, तर शिल्लक दोन वेगवेगळ्या वाटांनी कमी होत असते आणि आपण त्यातली एकच मोजतो म्हणून.

पहिली वाट वापराची. जेवढी युनिट जळतील तेवढे पैसे कापले जातात. दुसरी वाट दिवसाची. महावितरणच्या बिलावर ‘स्थिर आकार’ नावाची जी ओळ असते, तीच ही रक्कम. विजेचा दिवा लागो न लागो, तुमच्यासाठी तारा, खांब, रोहित्र सज्ज ठेवल्याबद्दल ती द्यावी लागते. महिन्याच्या बिलात ती एकदाच येते आणि एकूण रकमेत विरघळून जाते. प्रीपेडमध्ये तीच रक्कम तीस दिवसांत वाटली जाते आणि रोज थोडी थोडी वजा होते. नवा बोजा पडत नाही, पण जो बोजा महिन्यातून एकदा दिसायचा तो आता रोज सकाळी मोबाइलवर दिसतो.

आता त्या घराचा हिशेब पुन्हा मांडू. दर राज्यागणिक आणि वर्षागणिक बदलतात, आणि बिहारमध्ये तर ऑगस्ट २०२५ पासून घरगुती ग्राहकांना महिन्याला सव्वाशे युनिट मोफत आहेत. म्हणून इथे समजायला सोपे, गोल आकडे घेतले आहेत. मंजूर भार तीन किलोवॅट, स्थिर आकार किलोवॅटमागे महिन्याला ८० रुपये. म्हणजे महिन्याचे २४० आणि दिवसाचे आठ रुपये. युनिटचा दर पहिल्या शंभर युनिटांना चार रुपये, त्यापुढे साडेपाच. वीज शुल्क आणि इतर आकार सध्या बाजूला ठेवू.

रोज सहा युनिटांचे २४ रुपये, त्यात स्थिर आकाराचे आठ. दिवसाला ३२ रुपये. पंधरा दिवसांत ४८० गेले, वीस उरले, आणि सोळाव्या दिवशी ते अपुरे पडले. पहिल्या रिचार्जचं गूढ एवढंच आहे.

दुसरं रिचार्ज त्याहून लवकर संपलं, कारण सतराव्या दिवशी घरानं शंभर युनिटांची पायरी ओलांडली. तिथून पुढं तीच सहा युनिट ३३ रुपयांना पडू लागली आणि आठ रुपये मिळवून दिवसाची कपात ४१ वर गेली. उरलेले वीस आणि नवे पाचशे मिळून ५२० रुपये अठ्ठाविसाव्या दिवशी जवळजवळ संपले. पंखे तितकेच फिरत होते, फ्रिज तितकाच चालू होता, पण महिन्याच्या शेवटी प्रत्येक दिवस नऊ रुपयांनी महाग झाला होता. एक तारखेला पायरी पुन्हा खाली येते आणि शिल्लक जरा दमानं उतरू लागते. काही ठिकाणी पायऱ्यांची मर्यादा महिन्याऐवजी दिवसावर वाटून धरतात आणि महिनाअखेर फरक जुळवतात. तिथे एखाद्या दिवशी इस्त्री, मोटर, कूलर सगळं एकदम चाललं की त्याच दिवसाची कपात चढलेली दिसते.

या घराचा पूर्ण महिन्याचा खर्च १०८० रुपये होतो. युनिटांचे ८४० आणि स्थिर आकाराचे २४०. जुन्या पद्धतीनं महिन्याचं बिल आलं असतं तरी आकडा हाच असता. म्हणून प्रीपेडमुळे वीज महाग झाली का, याचं उत्तर शिल्लक किती दिवस टिकली यावरून मिळत नाही. पूर्ण महिन्याची युनिटं आणि पूर्ण महिन्याचे पैसे जुन्या बिलाशेजारी ठेवले तरच मिळतं.

स्थिर आकाराचा खरा चटका कमी वापराच्या घराला बसतो. दिवसाला दोनच युनिट वापरणाऱ्या एकट्या आजीबाईंचा विचार करा. विजेचे आठ रुपये आणि स्थिर आकाराचेही आठ. त्यांनी एक दिवा कमी लावला तर काही पैसे वाचतील, पण निम्मी कपात तशीच राहील. त्यांच्यासाठी उपाय दिवा विझवण्यात नाही, मंजूर भारात आहे. दोन खोल्यांना तीन किलोवॅट लागत नसेल, तर भार कमी करण्याचा अर्ज वीज कंपनीकडे देता येतो. तो दोनवर आला की दिवसाचे आठ रुपये साधारण सव्वापाचवर येतात.

उलटंही होतं. एसी बसवला आणि घरानं मंजूर भारापेक्षा जास्त वीज एका वेळी ओढली, तर स्मार्ट मीटर ती नोंद ठेवतो. पूर्वी असा जादा भार कोणाच्या लक्षात येत नसे. पण एखाद्याच दिवशीच्या नोंदीवरून भार वाढवता येत नाही. वीज ग्राहक हक्क नियमांत जून २०२३ मध्ये झालेल्या बदलानुसार, आर्थिक वर्षात मंजूर भार किमान तीन वेळा ओलांडला गेला असेल तरच तो वाढवता येतो. रोजची स्थिर कपात अचानक आठवरून तेरावर गेलेली दिसली, तर आधी मंजूर भाराचा आकडा पाहावा.

घर बंद असतानाही ही वाट चालू राहते. सगळे मेन स्विच पाडून पाच दिवस गावाला गेलात, तरी चाळीस रुपये जातात. पैसे संपून वीज तोडली गेली, तरी जोडणी कायमची बंद केलेली नसल्यानं आकार चढत राहतो आणि शिल्लक शून्याखाली जाते. दहा दिवस अंधारात काढून कोणी दोनशे रुपये भरले, तर त्यातले ऐंशी आधीच्या दिवसांचे वळते होतात आणि हातात एकशेवीसच उरतात. ‘भरले दोनशे, दाखवतंय एकशेवीस’ ही तक्रार बहुधा इथून येते.

आणखी दोन कपाती अशाच गोंधळात टाकतात. एक जुन्या थकबाकीची. साधा मीटर काढताना बिल बाकी असेल, तर ती रक्कम हप्त्यांत वाटून रोजच्या कपातीत मिसळली जाते. १८०० रुपये १८० दिवसांत वाटले, तर दिवसाचे दहा रुपये झाले. आपल्या उदाहरणातल्या घराची ३२ रुपयांची कपात मग ४२ होईल.

दुसरी कपात नेटवर्क तुटल्यामुळे एकगठ्ठा होते. भारतात बसवलेल्या बहुतेक स्मार्ट मीटरांमध्ये पैशांचा हिशेब मीटरच्या पोटात नसतो. मीटर फक्त युनिट मोजतो आणि मोबाइल नेटवर्कसारख्या जाळ्यातून आकडे पाठवतो. पैसे वजा होतात ते कंपनीच्या संगणकात. चार दिवस रेंज नसली की चार दिवस शिल्लक जागची हलत नाही, आणि पाचव्या दिवशी साठलेला सगळा वापर एकदम कापला जातो. आपल्या घरात महिनाअखेर हे घडलं असतं, तर मागच्या चार दिवसांचे १६४ रुपये एका फटक्यात गेलेले दिसले असते.

म्हणूनच संशय आला की रुपयांकडे न पाहता मीटरवरच्या युनिटांकडे पाहावं. पडद्यावर फिरणाऱ्या आकड्यांमध्ये kWh लिहिलेला एकूण आकडा दोन दिवस ठराविक वेळेला वहीत टिपा. त्यातला फरक आणि ॲपमध्ये त्या दिवसांची दाखवलेली युनिटं जुळली, तर मोजणी आणि हिशेब एकमेकांशी बरोबर आहेत आणि प्रश्न दराचा, स्थिर आकाराचा किंवा थकबाकीचा आहे. रुपयांनी उडी मारली पण युनिटांनी मारली नाही, तर तक्रार हिशेबाची. युनिटांनीच उडी मारली असेल, तर मात्र मीटर किंवा वायरिंग तपासायला हवं.

ती तपासणी घरच्या घरी सुरू करता येते. मीटरवर लुकलुकणारा छोटा लाल दिवा असतो आणि जवळ imp/kWh समोर एक आकडा छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. म्हणजे एका युनिटमागे दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. घरातलं सगळं बंद करून फक्त दीड हजार वॅटचा पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडा. एका मिनिटात दिवा सुमारे ८० वेळा लुकलुकला पाहिजे. व्होल्टेज कमी-जास्त असलं तर थोडा फरक पडेल, पण दीडशे-दोनशे वेळा लुकलुकला तर गडबड आहे. आणि घरातले सगळे एमसीबी पाडूनही दिवा लुकलुकत राहिला, तर मीटरपासून बोर्डापर्यंतच्या वायरीतून वीज कुठेतरी गळतेय किंवा शेजारचं न्यूट्रल तुमच्या मीटरला जोडलं गेलंय. हे मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह पाहतात आणि जो जास्त असेल तो धरतात. जुन्या मीटरनं सोडून दिलेली वायरिंगची चूक त्यामुळे आता पैशांत दिसू लागते. अशा वेळी आधी माहितगार वायरमनला बोलवावं.

वायरिंग ठीक असूनही आकडे पटत नसतील, तर तोंडी तक्रारीवर थांबू नये. फेब्रुवारी २०२४ च्या नियमबदलानुसार, मीटरच्या नोंदीबद्दल ग्राहकानं तक्रार केली की वीज कंपनीनं पाच दिवसांच्या आत जोडीला दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने दोन्ही नोंदी पडताळायच्या आहेत. लेखी अर्जात ‘चेक मीटर’ मागावा आणि वहीतली युनिटांची टिपणं सोबत जोडावीत.

महाराष्ट्रात सामान्य ग्राहकांच्या घरी प्रीपेड मीटर लावणार नाही, असं सरकारनं जून २०२४ मध्ये जाहीर केलं. आपल्याकडच्या स्मार्ट मीटरचं बिल महिन्याअखेरच येतं. पण नोकरी-शिक्षणासाठी पाटण्याला किंवा लखनौला राहणाऱ्या मराठी मुलांना हा हिशेब करावाच लागतो. त्यांनी रिचार्ज करताना आधी दिवस मोजावेत, मग युनिट. पंधरा दिवसांसाठी भरलेल्या पाचशेपैकी १२० रुपये दिवसांचे आहेत आणि विजेला ३८० उरतात. ३८० भागिले चार म्हणजे पंचाण्णव युनिट. रोजची सहा धरली तर पंधरा दिवस आणि वर थोडी, म्हणजे बरोबर तेवढी, जेवढी त्या घराला मिळाली होती.