फोटोतला कुत्रा खरंच खुशीत आहे का?

माणूस आणि प्राणी आपल्या भावना कशा व्यक्त करतात, यावर चार्ल्स डार्विनने 1872 साली एक ग्रंथ लिहिला. त्यात कुत्र्याच्या दोन अगदी उलट मनःस्थिती चित्रांतून दाखवल्या आहेत. एका चित्रात कुत्रा अनोळखी कुत्र्यावर चालून निघाला आहे. पाय ताठ, शेपूट वर आणि कडक, मानेवरचे केस उभे, कान पुढे, नजर रोखलेली. दुसऱ्या चित्रात कुत्रा मालकापुढे लाडात आला आहे. अंग खाली झुकलेलं, कमरेत बाक, शेपूट खाली, कान मागे, ओठ सैल. मनातला भाव उलटा झाला की शरीराची ठेवणही उलटी होते, असं डार्विनचं म्हणणं होतं. ते पटवायला तो शेपूट किंवा कान एकटे दाखवत बसला नाही. त्याने दोन्ही वेळा सगळा कुत्रा दाखवला.

आपण फोटो बघतो ते नेमकं याच्या उलट. आधी चेहरा बघतो, तोंड उघडं दिसलं की कुत्रा हसतोय म्हणतो आणि शेपूट वर दिसली की खूश आहे म्हणून मोकळे होतो. म्हणून कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास असलेली माणसं फोटो हातात आला की चेहरा शेवटी ठेवतात. आधी अंगाचा भार, मग शेपूट, मग कान आणि त्यानंतर तोंड-डोळे.

भार कुठे आहे?

पहिला प्रश्न असा, की हा कुत्रा पुढच्या क्षणी कुठे जाईल? समोरच्याकडे, की त्याच्यापासून लांब? उत्तर पायांत सापडतं. खांदे पुढच्या पंजांच्याही पुढे झुकले असतील आणि मान लांबवलेली असेल, तर भार पुढे आहे. कुत्र्याला समोरच्या गोष्टीत रस आहे. तो रस मैत्रीचा असेल किंवा चढाईचा. मागचे पाय गुडघ्यात वाकले असतील, कंबर खाली गेली असेल आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली आलं असेल, तर भार मागे आहे. असा कुत्रा मागे सरकण्याच्या तयारीत असतो. त्यात पुढचा एक पाय अधांतरी उचललेला असेल, तर बहुतेक वेळा तो दुविधेत असतो.

दुसरा प्रश्न सैलपणाचा. खुशीतल्या कुत्र्याच्या अंगात कुठे ना कुठे बाक दिसतो. मान एका बाजूला, कंबर दुसऱ्या बाजूला, पाय कसेही पसरलेले. तणावातला कुत्रा थिजल्यासारखा दिसतो, जणू चारही पाय जमिनीत रोवले आहेत. छाती जमिनीला आणि मागचा भाग वर, असा पवित्रा तर खेळाचं उघड आमंत्रण असतो. तो फोटोतही सहज ओळखू येतो, कारण त्यात पुढचे पाय कोपरापर्यंत जमिनीवर टेकलेले असतात.

पाठीवरचे केस उभे दिसले की आपण लगेच ‘चिडलाय’ म्हणतो. केस उभे राहणं कुत्र्याच्या ताब्यात नसतं. खेळाच्या भरात किंवा भीतीने दचकल्यावरही ते उभे राहतात. कुत्रा उत्तेजित झालाय, एवढंच त्यातून कळतं. ती उत्तेजना कसली, ते बाकीचं शरीर सांगतं.

शेपूट: तिच्या मूळ जागेपासून मोजा

शेपूट वर की खाली, हे ठरवण्याआधी त्या कुत्र्याची शेपूट निवांत असताना कुठे असते, ते ठाऊक हवं. आपल्या गल्लीतल्या गावठी कुत्र्यांपैकी अनेकांची शेपूट कोयत्यासारखी वळून पाठीकडे येते. पॉमेरेनियनची तर पाठीवरच असते. फोटोत ती वर दिसली म्हणून तो कुत्रा आक्रमक ठरत नाही, आणि खूशही ठरत नाही. उलट अशा कुत्र्याची शेपूट नुसती सरळ होऊन खाली लोंबत असेल, तर ती तिच्या मूळ जागेवरून बरीच घसरली आहे, हे ध्यानात घ्यायला हवं. मुधोळ किंवा कारवान कुत्र्यांची शेपूट मुळातच खाली असते. ती खाली दिसली म्हणून कुत्रा घाबरलाय असं म्हणता येत नाही. ती मागच्या पायांमध्ये शिरून पोटाला चिकटली असेल, तर म्हणता येतं.

शेंड्यापेक्षा शेपटीच्या बुडाकडे बघावं. बूड वर उचललेलं आणि कडक असेल, तर कुत्रा सावध किंवा तापलेला आहे. बूड पाठीच्या रेषेत आणि सैल असेल, तर निवांत. बूडच आत दाबलं गेलं असेल, तर भीती.

हलती शेपूट फोटोत गोठते, तरी थोडी माहिती उरते. मोबाइलच्या फोटोत हलता भाग पुसट उमटतो. शेपटीबरोबर कंबरही पुसट दिसत असेल, तर कुत्रा मागचा सगळा भाग घुसळत होता. ही सहसा मनापासूनची खुशी असते. पण शेपूट उंच, ताठ आणि फक्त शेंड्याकडे थोडी पुसट असेल, तर ती आखूड, झपाझप हालचाल होती. असा कुत्रा उत्तेजित असतो, आणि त्याच्या जवळ जायला ते निमंत्रण नसतं.

इटलीतल्या संशोधकांनी 2007 साली याच्याही पुढची गोष्ट प्रसिद्ध केली. मालक दिसल्यावर कुत्र्यांची शेपूट त्यांच्या उजव्या बाजूला जास्त झुकून हलत होती आणि अनोळखी, वरचढ कुत्रा दिसल्यावर डाव्या बाजूला. पण हा कल अनेक झोक्यांच्या मोजमापातून दिसला होता. एका फोटोत शेपूट उजवीकडे आहे म्हणजे कुत्रा आनंदी, असं त्यावरून म्हणता येत नाही. सेल्फीत तर कित्येकदा डावं-उजवंच उलट झालेलं असतं.

कान: टोकं नव्हे, मुळं

उभ्या कानांच्या कुत्र्याचे कान टवकारलेले की पाडलेले, हे कुणालाही कळतं. लॅब्रॅडॉर किंवा बीगलचे लोंबते कान बघताना घोटाळा होतो. तिथे कान डोक्याला जिथे जोडलेला असतो, ती जागा बघावी. लक्ष वेधलं गेलं की लॅब्रॅडॉरच्या कानाचं मूळ वर-पुढे येतं आणि तिथे घडी पडते, त्यामुळे कपाळ रुंद दिसतं. भ्यायला की मूळ मागे ओढलं जातं, कपाळावरची कातडी ताणून गुळगुळीत होते आणि डोकं एकदम लहान दिसू लागतं. एक कान पुढे आणि एक मागे असेल, तर कुत्रा दोन दिशांचा कानोसा घेत असतो किंवा त्याचं अजून ठरलेलं नसतं.

मागे गेलेले कान एकट्याने काहीच सिद्ध करत नाहीत. डार्विनच्या लाडात आलेल्या कुत्र्याचेही कान मागेच आहेत. कान मागे आणि अंग सैल, तर ते स्वागत. कान मागे, डोक्याला घट्ट चिकटलेले आणि अंग आक्रसलेलं, तर भीती.

फाटलेल्या उशीशेजारी कान पाडून, अंग चोरून बसलेल्या कुत्र्याचे फोटो आपण ‘बघा, चूक कळली’ म्हणून एकमेकांना पाठवतो. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकी संशोधिकेने 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हा चेहरा तपासला. कुत्र्याने खरंच चूक केली होती की नाही, याचा त्या चेहऱ्याशी संबंध दिसला नाही. मालक रागावला की तो चेहरा जास्त दिसे, मग कुत्रा निर्दोष का असेना. म्हणजे त्या फोटोत जे दिसतं, ते मालकाच्या आवाजाला दिलेलं उत्तर आहे.

मिठीचा फोटो

आता बहुतेक घरांत असणारा एक फोटो घेऊ. वाढदिवस आहे. सहा-सात वर्षांची मुलगी सोफ्यावर लॅब्रॅडॉरच्या गळ्यात दोन्ही हात टाकून, गालाला गाल लावून बसली आहे. मुलगी मनापासून हसते आहे. कुत्रा?

भार बघा. त्याचा जवळचा खांदा मुलीकडे झुकलेला नाही. छाती तिच्यापासून दूर, सोफ्याच्या हाताकडे कललेली आहे. शेपूट मांडीखाली गेली आहे. बसलेल्या कुत्र्याची शेपूट अशीही झाकली जाते, म्हणून हा पुरावा कच्चा धरू. कानांची मुळं मागे ओढलेली आहेत आणि कपाळ गुळगुळीत झालं आहे. तोंड घट्ट मिटलेलं आहे. मान मुलीकडून वळवलेली, पण नजर तिच्याकडेच, त्यामुळे डोळ्याच्या कोपऱ्यात पांढऱ्याची चंद्रकोर दिसते. जीभ नाकावर आली आहे. नुकताच केकचा तुकडा मिळाला असेल, तर जीभ बाहेर येणारच, म्हणून तीही सोडून देऊ. दोन खुणा वगळल्या, तरी चार एकाच दिशेने बोट दाखवतात: हा कुत्रा सहन करतो आहे आणि त्याला तिथून निघायचं आहे.

कारण साधं आहे. अस्वस्थ झाल्यावर कुत्रा आधी बाजूला होतो. मिठीत नेमकी तीच वाट बंद होते. मानसशास्त्रज्ञ स्टॅनली कोरेन यांनी 2016 साली इंटरनेटवरचे मिठीचे 250 फोटो तपासले, तेव्हा सुमारे 80 टक्के कुत्र्यांमध्ये तणावाची निदान एक खूण त्यांना दिसली. हा रीतसर शोधनिबंध नव्हता, त्यामुळे आकड्यावर फार भर देऊ नये. पण आपल्या घरचे फोटो या नजरेने पुन्हा बघायला तो पुरेसा आहे.

फोटो कुठे फसवतो

फोटो म्हणजे सेकंदाचा एक बारीक तुकडा. जांभई, डोळ्यांची उघडझाप, अंग झटकणं यांतला एखादा क्षण पकडला गेला, तर शांत कुत्राही भेदरलेला दिसतो. उन्हाळ्यात धापा टाकणारं तोंड हसरं दिसतं. फार पोहल्यानंतर लॅब्रॅडॉरची शेपूट दुखून दोन-चार दिवस लुळी पडू शकते. ती भीती नसते. शिवाय कॅमेराही निमित्त होतो. चेहऱ्यासमोर धरलेली काळी भिंग काही कुत्र्यांना रोखलेल्या नजरेसारखी वाटते, आणि ते तोंड फिरवतात ते फोटो काढणाऱ्यामुळे.

म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. शेपूट, कान आणि भार यांपैकी किमान दोन गोष्टी एकच सांगत असतील, तर ते ऐकावं. शंका असेल, तर फोटोऐवजी दहा सेकंदांचा व्हिडिओ काढावा आणि मध्येच मुलाला हात काढून घ्यायला सांगावं. कुत्रा तिथेच रेलून राहिला, तर त्याला जवळीक हवी होती. उठून गेला किंवा अंग झटकलं, तर नको होती.

आज मोबाइलमधले मुलांचे आणि कुत्र्याचे फोटो एकदा काढून बघा. त्यांत कान मागे आणि अंग दूर असं वारंवार दिसलं, तर गळ्यात हात टाकून फोटो काढणं बंद करा. मुलाला शेजारी बसवा आणि कुत्र्याला उठून जायला एक बाजू मोकळी ठेवा. आणि तो कधी गुरगुरला, तर त्याला रागावू नका, मुलाला बाजूला घ्या. गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी इशारा न देताच चावू शकतो.