चाच्याचा रोख, गलबताची वाट

एक व्यापारी गलबत सरळ रेषेत निघाले आहे. दूरवरून चाच्यांचे जहाज ते पाहते आणि पाठलाग सुरू करते. चाच्यांच्या कप्तानाचा नियम एकच: गलबत या क्षणी जिथे दिसते, नेमका तिकडेच जहाजाचा रोख ठेवायचा. गलबत पुढे सरकते, तसा रोखही वळत जातो. मग चाच्यांच्या जहाजामागे पाण्यावर उमटणारी रेषा कोणत्या आकाराची असेल? आणि गलबत नेमके कुठे सापडेल?

हा प्रश्न 1732 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला पिएर बूगे या फ्रेंच गणितज्ञाने. बूगेला समुद्र पुस्तकातून कळलेला नव्हता. ल क्रोआझिक या बंदरगावात त्याचा जन्म झाला, वडील नौकानयन आणि जलमापनाचे शिक्षक होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर पोरवयातच त्यांची जागा त्याने घेतली. जहाजावर डोलकाठ्या कशा उभाराव्यात या विषयावरच्या 1727 च्या अकादमीच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक त्याला मिळाले होते. त्या स्पर्धेत मागे राहिलेल्यांत तरुण ऑयलर होता. असा माणूस पाठलागाचे गणित मांडतो तेव्हा त्यातले जहाज नुसता कागदावरचा ठिपका राहत नाही.

बूगेने दोन गोष्टी गृहीत धरल्या. गलबत एकाच दिशेने, एकाच वेगाने जाते, आणि चाच्यांच्या जहाजाचा वेगही बदलत नाही. शिडाच्या जहाजाला हे खरे म्हणजे जमत नाही, कारण रोख बदलला की वाऱ्याशी होणारा कोन बदलतो आणि वेगही बदलतो. पण ही सूट घेतल्याशिवाय प्रश्नाला हात घालणे कठीण होते, आणि ती घेतल्यावर जे हाती लागले ते फार देखणे आहे.

आकडे घेऊन पाहू. चाचे उगमबिंदूवर आहेत. गलबत त्यांच्या बरोबर पूर्वेला 3 किलोमीटरवर असून ते उत्तरेकडे ताशी 6 किलोमीटरने चालले आहे. चाच्यांचा वेग ताशी 12 किलोमीटर, म्हणजे दुप्पट. आलेखाच्या कागदावर 200 मीटरला 1 सेंटिमीटर असे प्रमाण धरले, तर सुरुवातीचे अंतर 15 सेंटिमीटर होते. दर मिनिटाला गलबत अर्धा सेंटिमीटर वर सरकते आणि चाचे 1 सेंटिमीटर पुढे येतात. प्रत्येक मिनिटाला पट्टी चाच्यांच्या ठिकाणापासून गलबताच्या नव्या ठिकाणापर्यंत लावायची, त्या दिशेने 1 सेंटिमीटर रेघ ओढायची आणि पुन्हा तेच. पहिल्या चार-पाच रेघा जवळजवळ आडव्या दिसतात. मग रेषा हळूहळू डोके वर काढू लागते, आणि बारा मिनिटे होत येतात तेव्हा चित्र पालटलेले असते. पूर्वेकडचे अंतर फक्त पाऊण किलोमीटर उरलेले असते, पण गलबत उत्तरेला साधारण साडेपाचशे मीटर पुढे असते. यापुढे चाचे अधिकाधिक गलबताच्या शेपटीमागेच येत जातात. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत रेघा अर्ध्या किंवा पाव सेंटिमीटरच्या घ्याव्या लागतात, नाहीतर पट्टी गलबताच्या पलीकडे जाते.

आता हाच नियम समीकरणात कसा उतरतो ते पाहू. चाच्यांच्या मार्गाचा कोणत्याही बिंदूवरचा चढ म्हणजे त्यांचा त्या क्षणीचा रोख, आणि तो रोख गलबताकडे असतो. म्हणजे चढ कळला की गलबत कुठे आहे ते कळते. पण गलबताचे ठिकाण वेळेवर अवलंबून असते आणि आपल्याला हवा आहे मार्गाचा आकार, ज्यात वेळेला जागा नाही. म्हणून वेळेला समीकरणातून बाहेर काढावे लागते. त्यासाठी एक जुने हत्यार आहे: सगळ्याचे पुन्हा विकलन करायचे, म्हणजे पूर्वेकडे थोडेसे सरकल्यावर चढ किती बदलतो ते विचारायचे. दुसऱ्या बाजूने चाच्यांनी कापलेल्या मार्गाची लांबी त्यांच्या वेगाने भागली की वेळ मिळतो. दोन्ही एकमेकांसमोर ठेवले की वेळ निघून जातो आणि उरते हे:

(d − x) · y″ = n · √(1 + y′²)

यात d हे सुरुवातीचे अंतर, x हे चाच्यांनी पूर्वेकडे कापलेले अंतर, y′ हा मार्गाचा चढ आणि y″ हा त्या चढाच्या बदलाचा दर. n म्हणजे गलबताचा वेग भागिले चाच्यांचा वेग. आपल्या उदाहरणात अर्धा. चढाच्या बदलाचा दर आला म्हणून हे दुसऱ्या कोटीचे विकलक समीकरण झाले. डावीकडचा कंस पाहावा. चाचे गलबताच्या रेषेजवळ येतात तसा (d − x) लहान होत जातो, म्हणून चढ वेगाने वाढावाच लागतो. शेवटी रेषा एकदम वर उठते ती यामुळे.

अशी समीकरणे बहुधा सुटत नाहीत, हे मात्र सुटते. कारण त्यात y स्वतः कुठेच नाही, फक्त त्याचा चढ आहे. चढालाच नवे अज्ञात मानले की समीकरण एक पायरी खाली उतरते आणि दोन साध्या संकलनांत उत्तर हाती येते. गलबत पकडले जाण्याआधी d · n / (1 − n²) इतके अंतर कापते. n अर्धा असताना हे d च्या दोन तृतीयांश होते. आपल्या उदाहरणात गलबत 2 किलोमीटर जाते, चाचे 4 किलोमीटर जातात आणि वेळ लागतो 20 मिनिटे. आलेखाच्या कागदावर काळजीपूर्वक ओढलेल्या रेघाही 10 सेंटिमीटर उंचीच्या आसपास येऊन गलबताला मिळतात.

या 20 मिनिटांपर्यंत पोहोचण्याची आणखी एक वाट आहे आणि ती समीकरणापेक्षाही मन जिंकणारी आहे. दोन खाती उघडू. एकात दोघांमधले थेट अंतर लिहायचे, दुसऱ्यात गलबत उत्तरेकडे चाच्यांच्या किती पुढे आहे ती आघाडी. कोणत्याही क्षणी चाच्यांचा रोख उत्तरेकडे किती झुकलेला आहे, त्याचे माप c म्हणू. सुरुवातीला ते 0, चाचे थेट मागे आले की 1. गलबताच्या वेगाचा जेवढा भाग दोघांना जोडणाऱ्या रेषेवर येतो तेवढाच अंतर टिकवायला उपयोगी पडतो. म्हणून अंतर ताशी 12 − 6c किलोमीटरने घटते. चाच्यांच्या वेगाचा जो भाग उत्तरेकडे जातो तो आघाडी खातो, म्हणून आघाडी ताशी 6 − 12c ने बदलते. आता अंतराला 12 ने आणि आघाडीला 6 ने गुणून बेरीज घ्यायची. c असलेली पदे एकमेकांना कापतात, आणि बेरीज ताशी 144 − 36, म्हणजे 108 ने घटत राहते, रोख काहीही असो. सुरुवातीला अंतर 3 आणि आघाडी शून्य, म्हणून बेरीज 36. पकडले जाताना दोन्ही शून्य. 36 भागिले 108, एक तृतीयांश तास. मार्ग वाकडा, रोख क्षणाक्षणाला बदलणारा, तरी हिशेब सरळ रेषेत उतरतो.

हेच हिशेबपुस्तक एक वेगळे उत्तरही देते. दोघांचा वेग सारखा असेल तर? मग अंतर जेवढे घटते तेवढीच आघाडी वाढते, म्हणून दोन्हींची बेरीज कायम 3 किलोमीटर राहते. बराच वेळ गेल्यावर चाचे गलबताच्या थेट मागे येतात, तेव्हा अंतर आणि आघाडी एकच होतात. म्हणजे प्रत्येकी दीड किलोमीटर. चाचे कितीही तास धावले तरी सुरुवातीच्या अंतराच्या निम्म्याच्या आत येऊ शकत नाहीत.

वेग जास्त असेल तितके बरे, असे यावरून वाटते. पण इथे एक अडचण दडलेली आहे आणि पाठलागाच्या गणितातली ती सर्वांत शिकण्यासारखी जागा आहे. प्रश्न वळणाचा आहे. आपल्या दुप्पट वेगाच्या उदाहरणात मार्गाच्या वळणाची त्रिज्या सुरुवातीला 6 किलोमीटर असते आणि शेवटी दीड किलोमीटर. जहाजाला हे सहज जमते. वेग दुपटीपेक्षा कमी असेल तर शेवटी मार्ग सरळ होत जातो आणि वळणाचा ताण उरत नाही. पण वेग दुपटीपेक्षा जास्त झाला की शेवटच्या क्षणी लागणारी त्रिज्या शून्याकडे जाते. असे वळण कोणतेही जहाज, विमान किंवा क्षेपणास्त्र घेऊ शकत नाही. सुकाणू पूर्ण फिरवूनही पाठलाग करणारा लक्ष्याच्या मागून निसटतो. म्हणून फक्त लक्ष्याकडे नाक धरून जाणारे वेगवान क्षेपणास्त्र अगदी शेवटच्या टप्प्यात चुकू शकते, आणि ते चुकते तेव्हा लक्षण एकच असते: अंतर शिल्लक असतानाच त्याचे सुकाणू टोकाला जाऊन अडकते.

यावरचा उपाय बूगेच्या चाच्याने केला नाही तो आहे: लक्ष्य आहे तिथे न जाता, असेल तिथे जायचे. गलबताचा वेग आणि दिशा ठाऊक असेल तर चाचे सुरुवातीलाच उत्तरेकडे 30 अंश झुकलेला रोख धरून सरळ जाऊ शकतात. त्यांना सुमारे 3.46 किलोमीटर जावे लागते आणि साधारण 17 मिनिटे 20 सेकंद लागतात. अडीच मिनिटांहून जास्त वेळ वाचतो, आणि वळावे तर मुळीच लागत नाही.

या मार्गाचे एक लक्षण असे की चाच्यांच्या जहाजावरून पाहिल्यास गलबत सतत एकाच दिशेला दिसते आणि फक्त जवळ येत राहते. दिशा सरकायला लागली की त्याच्या काही पटीने रोख सरकवायचा, एवढे केले की पुरते. यालाच प्रमाणबद्ध मार्गदर्शन म्हणतात, आणि बहुतेक आधुनिक क्षेपणास्त्रे याच तत्त्वावर चालतात. माणसाने ही युक्ती शोधण्याच्या कितीतरी आधी निसर्गात ती होती. चतुर हवेत उडत्या किड्याला असाच आडवा जाऊन पकडतो. बहिरी ससाण्यांच्या अंगावर कॅमेरे बसवून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवले की भक्ष्यावर झेपावताना त्यांचे वळणही याच नियमाने होते.

समुद्रावर मात्र हेच लक्षण उलट्या अर्थाने वाचले जाते. टक्कर टाळण्यासाठीच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला सातवा नियम सांगतो की जवळ येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा फारशी बदलत नसेल, तर टक्करीचा धोका आहे असे धरून चालावे. म्हणून आजही जहाजाच्या पुलावर पहाऱ्याला असलेला अधिकारी दूरच्या दिव्याची दिशा मोजतो, काही मिनिटांनी पुन्हा मोजतो, आणि दोन्ही आकडे जुळले तर वेळीच आपला मार्ग बदलण्याची तयारी करतो.